झोटेरोत दोन सारख्या नोंदी मर्ज करताना हायलाइट जातात का?

«एकच पेपर माझ्या झोटेरोत दोनदा आहे. एका नोंदीच्या पीडीएफवर माझे सगळे हायलाइट आणि नोट्स आहेत, पण माहिती अर्धवट. दुसरीची माहिती नीट आहे. एक उडवून टाकू का?»

उडवू नका, मर्जच करा. नोंद उडवली की तिच्याखालची पीडीएफ, नोट्स आणि हायलाइट तिच्याबरोबर कचऱ्यात जातात. मर्ज केल्यावर मात्र दोन्हींखालचं सगळं एका नोंदीखाली येतं, टॅग आणि कलेक्शनही टिकतात. वर्डमध्ये झोटेरोतून दिलेले जुने संदर्भही जोडलेलेच राहतात.

एक गोष्ट आधी समजून घ्या. झोटेरोच्या रीडरमध्ये केलेले हायलाइट पीडीएफ फाइलमध्ये नसतात, ते डेटाबेसमध्ये असतात. त्यामुळे नुसती पीडीएफ दुसरीकडे कॉपी करून ठेवली तर हायलाइट वाचत नाहीत. बॅकअप घ्यायचा तर झोटेरो बंद करा आणि `zotero.sqlite` व `storage` ज्यात आहेत तो अख्खा फोल्डर कॉपी करा.

आता मर्ज. तुमच्या अर्धवट नोंदीचं शीर्षक समजा `final_v2` असं असेल आणि डीओआय रिकामा असेल, तर ती Duplicate Items मध्ये दिसणारच नाही, कारण जुळवायला काही नाही. मग लायब्ररीत कंट्रोल दाबून (मॅकवर कमांड) दोन्ही नोंदी निवडा, राइट क्लिक करा आणि Merge Items… घ्या. दोन्हींचा Item Type एकच हवा, नाहीतर मर्ज होत नाही. तसं असेल तर अर्धवट नोंदीचा प्रकार आधी बदलून घ्या. उजवीकडे मुख्य नोंद निवडायला सांगतात, तिथे नीट माहितीची नोंद घ्या. हायलाइट दुसरीकडे आहेत म्हणून घाबरू नका, ते ओढले जातात.

खरं नुकसान होतं ते रकान्यांचं. दोन नोंदींत वेगळा मजकूर असलेल्या रकान्याशेजारी छोटं चिन्ह दिसतं. त्यातून जो मजकूर निवडाल तोच राहतो. Extra मध्ये तुम्ही हाताने काही लिहिलं असेल तर हा रकाना नक्की तपासा.

दोन्ही पीडीएफ हुबेहूब एकच असतील तर नव्या आवृत्त्यांमध्ये झोटेरो त्यांतली एक ठेवतो आणि दोन्हींवरचे हायलाइट तिच्यावर आणतो. एक प्रीप्रिंट आणि दुसरी छापील आवृत्ती असेल, तर दोन्ही फाइल राहू द्या. पानांची मांडणी वेगळी असते, त्यामुळे प्रीप्रिंटवरचे हायलाइट छापील पीडीएफवर जागच्या जागी बसत नाहीत.

मर्ज झाल्यावर लगेच पीडीएफ उघडून डावीकडची हायलाइटची यादी बघा. काही चुकलं आणि कचऱ्यातून नोंद परत आणली, तर ती एकटीच येते. तिची पीडीएफ आणि नोट्स मर्ज झालेल्या नोंदीखालीच राहतात आणि हाताने ओढून परत न्याव्या लागतात.