कंपनीकडे माझ्या नावावर किती पैसे असतात?

प्रश्न : मी 35व्या वर्षी 5 लाखांची, 20 वर्षे मुदतीची, बोनस नसलेली एन्डोमेंट पॉलिसी घेतली. वर्षाला 16,500 रुपये याप्रमाणे दहा हप्ते भरले; अकरावा आता देय आहे. सरेंडर केल्यास 1,38,000 मिळतील असे शाखेत सांगितले. भरलेले 1,65,000 सुद्धा परत मिळत नाहीत, मग कंपनी माझ्यासाठी राखून ठेवते ते काय? हे पैसे काढून शेजारची हापूसची कलमे कराराने घ्यावीत, असा विचार आहे. — एक बागायतदार, देवगड

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण भरलेल्या हप्त्यांची बेरीज करून पाहता. विमा कंपनीचा गणितज्ञ मात्र राखीव निधी ठरवताना मागे पाहतच नाही. आजपासून पुढे कंपनीला जे द्यावे लागेल त्याचे आजचे मूल्य तो काढतो आणि त्यातून आपल्याकडून यायच्या हप्त्यांचे आजचे मूल्य वजा करतो. या भविष्यलक्षी पद्धतीने जी रक्कम उरते, तेवढी कंपनीकडे आज असलीच पाहिजे, कारण पुढचे हप्ते एकटे ती देणी भागवू शकत नाहीत.

आपल्याच पॉलिसीचा हिशेब मांडू. तो सोपा राहावा म्हणून व्याज 6 टक्के आणि मृत्यूचे प्रमाण पहिल्या दहा वर्षांत दर हजारी 2, नंतरच्या दहांत दर हजारी 4 असे मी धरले आहे. पुढील दहा वर्षांत मृत्यू झाल्यास द्यायच्या 5 लाखांचे आजचे मूल्य सुमारे 14,500 आणि मुदतीअखेर हयात असल्यास द्यायच्या 5 लाखांचे सुमारे 2,68,200, म्हणजे एकूण देणे 2,82,700 रुपये. आता येणे. आपल्या 16,500 पैकी खर्च व नफा बाजूला काढून निव्वळ विम्यासाठी लागणारा हप्ता याच गृहीतकांवर सुमारे 13,570 येतो. असे दहा हप्ते, पहिला आजच, परंतु आपण हयात असलात तरच येणारे, म्हणून त्यांचे आजचे मूल्य सुमारे 1,04,200. वजाबाकी केल्यावर राखीव निधी 1,78,500 रुपये येतो.

हा आकडा पाहून 40,000 रुपये कंपनीने दाबले, असा निष्कर्ष कृपया काढू नये. राखीव निधी ही आपल्या नावची ठेव नाही, तर पॉलिसी चालू राहील असे धरून केलेली तरतूद आहे; सरेंडरच्या रकमेत पहिल्या वर्षाचे कमिशन व इतर खर्च यांची वसुली धरलेली असते. शिवाय प्रत्यक्षात कंपनी पूर्ण हप्ता आणि पुढचे खर्च दोन्ही हिशेबात घेते व गृहीतके मुद्दाम सावध ठेवते, त्यामुळे तिचा आकडा माझ्यापेक्षा वेगळा असेल. नियमाने तो हमी दिलेल्या सरेंडर मूल्यापेक्षा कमी मात्र ठेवता येत नाही. गृहीतकांचा परिणाम किती मोठा असतो, हेही पाहा : देणी मोजताना व्याज 6 ऐवजी 5 टक्के धरले आणि हप्ता तोच ठेवला, तर हाच निधी 2,01,900 च्या आसपास जातो. आपण एक रुपयाही जास्त भरलेला नसतो, आणि आपली सरेंडरची रक्कमही त्यामुळे आपोआप वाढत नाही.

आता निर्णय, आणि तोही याच पद्धतीने, पुढे पाहून. भरलेले 1,65,000 विसरा. आज 1,38,000 सोडून देऊन आणि दरवर्षी 16,500 भरत राहून दहा वर्षांनी 5 लाख मिळतात. यावर पडणारा परतावा वार्षिक सुमारे 6.6 टक्के आहे. पहिल्यापासून मोजला तर तो जेमतेम 3.8 टक्के भरतो, म्हणून पॉलिसी घेताना ती महाग होती यात शंका नाही; पण ते नुकसान होऊन गेले आहे आणि उरलेली दहा वर्षे तुलनेने बरी आहेत. हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांच्या आत असल्याने मुदतीअखेरची रक्कम सध्याच्या नियमांनुसार करमुक्त राहील, आणि मधल्या काळात 5 लाखांचे संरक्षण आहेच. इतक्या खात्रीचे करमुक्त 6.6 टक्के बँकेच्या मुदत ठेवीत कर भरून मिळणे कठीण.

कराराच्या कलमांचे गणित वेगळे. मोहोर आला, अवकाळी पाऊस चुकला, तर एका हंगामात ते पैसे दुप्पटही होतील, आणि नाही तर फवारणीचा खर्चही अंगावर येईल, हे मी आपणास सांगायला नको. म्हणून पॉलिसी मोडू नये, असे माझे मत आहे. कलमे घ्यायचीच असतील, तर पॉलिसीवर, सरेंडर मूल्याच्या काही भागाइतके, कर्ज मिळते का, याची शाखेत चौकशी करावी आणि आंबा विकला की ते आधी फेडावे. व्याज थकत गेले तर कर्ज सरेंडर मूल्याच्या वर जाऊन पॉलिसी बंद पडू शकते. हप्तेच जड जात असतील, तर पॉलिसी पेड-अप करण्याचा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवण्याचा पर्याय आहे : मुदतीअखेर, 20 पैकी 10 हप्ते या हिशेबाने, 2,50,000 मिळतील, म्हणजे आजच्या 1,38,000 वर सुमारे 6.1 टक्के. मात्र पेड-अपची अट आणि नेमकी रक्कम शाखेतून लेखी घ्यावी.