तागडी हातात धरलेली बाई

प्रश्न: महाकाव्यात ऐन लढाईत कवी लांबलचक उपमा का देत बसतात? गोष्ट थांबते. मी तर त्या ओळी सोडून पुढे जातो. सोडल्या तर बिघडतं काय?

काय बिघडतं ते मी चारचौघांत बिघडू दिलेलं आहे, म्हणून लिहिते.

इंदूरला आमच्या गल्लीच्या गणपतीत एक संध्याकाळ वाचनाची असते. एका वर्षी मी होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यातल्या बाराव्या सर्गाचा शेवट घेतला. दोन-तीन इंग्रजी भाषांतरं पुढ्यात ठेवून महिनाभर खपून मराठीत केला. सूत्रसंचालन आमच्या दादाकडे, त्यामुळे घड्याळही त्याच्याकडे आणि पेन्सिलही. आदल्या रात्री पोहे खाता खाता त्याने माझ्या कागदांवर तीन ठिकाणी काट मारली. म्हणाला, "लढाई चालू दे ना. ही बाई मधेच कुठून आली?"

प्रसंग असा. ग्रीकांनी जहाजांपुढे तट बांधलाय आणि ट्रोजन त्यावर चालून आलेत. ट्रोजनांच्या बाजूने लढणाऱ्या सार्पेडनने तटाचा कठडा हातांनी ओढून पाडला, तरी त्याच्या माणसांना आत घुसता येत नाही, आणि ग्रीकांनाही त्यांना मागे रेटता येत नाही. इथे होमर आधी दोन शेतकरी आणतो. सामायिक शेतात हातात मापाच्या काठ्या घेऊन ते बांधावरून भांडतायत, वीतभर जमिनीसाठी. दोन सैन्यांमध्येही तेवढाच कठडा. मग येते ती बाई, फक्त तीन ओळींत. मी केलं होतं ते असं:

"हातावर पोट असलेली, व्यवहाराला चोख बाई तागडी धरते, एका पारड्यात वजन, दुसऱ्यात लोकर, आणि उचलून दोन्ही सारखी करते, पोरांसाठी तुटपुंजी मजुरी मिळावी म्हणून, तशी ती लढाई दोन्हीकडे सारखी ताणली गेली होती."

आणि लगेच पुढे: देवांचा राजा झ्यूस याने ट्रोजनांच्या हेक्टरचं पारडं जड करेपर्यंत. मग हेक्टर धोंडा मारून तटाचा दरवाजा फोडतो.

दादाने शेतकरी काढले, बाई काढली आणि पुढची एक मेंढपाळाची उपमाही काढली. मी ऐकलं, कारण तो दादा आहे. वाचन झालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. नंतर प्रसाद घेताना शेजारच्या आत्या म्हणाल्या, "छान झालं गं. पण तो हेक्टर इतका जोरकस होता, तर दरवाजा आधीच का नाही फोडला?"

बिघडलं ते हे. वगळलेल्या ओळींबरोबर कोंडी गेली. "दोन्ही बाजू तुल्यबळ होत्या" एवढं एक वाक्य मी ठेवलं होतं, पण ते ऐकायला दोन सेकंद लागतात, आणि दोन सेकंदांत कोणी अडकून पडत नाही. होमर तिथे गोष्ट थांबवत नाही. गोष्ट तिथे स्वतःच अडलेली आहे, आणि ती किती वेळ अडली हे ऐकणाऱ्याला त्या ओळींच्या लांबीतून कळतं.

बाईच का, हे मला आईमुळे कळलं. आई दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घ्यायची, आणि काट्याची मशीन येण्याआधी आमच्याकडे हाताची तागडी होती. एका पारड्याला तिने बांगडीचा तुकडा बांधला होता, पासंग म्हणून. तिला त्या तीन ओळी वाचून दाखवल्या तर ती म्हणाली, "उचलते म्हटलंय ना कवीने? मग त्याने वजन करताना पाहिलंय कोणालातरी." तागडी खाली ठेवून तोलता येत नाही. हात वर धरावा लागतो, मनगट भरून येतं, काटा थरथरतो. तो स्थिर होईपर्यंत आई बोलायची नाही, आम्हालाही बोलू द्यायची नाही. चकलीचा एक तुकडा टाकला की पारडं खाली. बाहेरून पाहिलं तर काही हलत नाही, पण सगळा जोर लागलेला असतो. तटावर नेमकं तेच चाललंय.

आता "समसमान" एवढंच सांगायचं असतं तर पोरं कशाला आणली? तुटपुंजी मजुरी कशाला? लढाईत पोरं नाहीत, मजुरी नाही. लांब उपमेचा हा खरा स्वभाव: साम्य एका ठिकाणी, पण चित्र त्याच्या पलीकडे वाढत जातं. तटावर मरणाऱ्यांना कीर्ती हवी आहे, आणि तितक्याच काटेकोरपणे कोणीतरी घरी चार पैशांसाठी लोकर तोलतंय. कवी यावर चकार शब्द बोलत नाही. बाई ठेवतो आणि "तशी" म्हणून परत येतो. (पुष्कळ जण तिला विधवा म्हणतात. ओळींत नवऱ्याचा उल्लेखच नाही.)

शिवाय तागडी इथे पहिल्यांदा येत नाही. आठव्या सर्गात झ्यूस सोन्याच्या तागडीत दोन्ही सैन्यांचं मरण तोलतो, बाविसाव्यात हेक्टर आणि ग्रीकांचा वीर अकिलीस यांचं. मधे बाराव्यात तीच तागडी एका गरीब बाईच्या हातात. आणि दादाने कापलेली तिसरी उपमा? दरवाजा फोडायला हेक्टर जो धोंडा उचलतो तो दोन धट्ट्याकट्ट्या माणसांना गाडीवर चढवता येणार नाही असा, पण झ्यूसने तो हलका केलाय, म्हणून मेंढपाळ एका हाताने मेंढ्याची लोकर उचलतो तसा तो उचलतो. पुन्हा लोकर! जी त्या बाईने जपून तोलली, तीच वीसेक ओळींनंतर इथे वजनच उरलं नाही अशी. तोल गेला हे यातून कळतं. बाई काढली की मेंढपाळ नुसती अतिशयोक्ती वाटतो, म्हणून दादालाही तो तसा वाटला.

तुम्ही मराठीतून वाचत असाल तर एक गोष्ट तपासा. चांगल्या भाषांतरात गोष्ट "होता-गेला"त चालते आणि उपमा "धरते-करते"त, कारण लढाई एकदाच झाली, लोकर रोज तोलली जाते. भाषांतरकाराने सगळंच भूतकाळात ढकललं असेल तर उपमा कंटाळवाणी होणारच, दोष तुमचा नाही. आणि आपल्या सवयीचाही थोडा भाग आहे. कालिदासाच्या रघुवंशात इंदुमती स्वयंवरात रात्री फिरणाऱ्या दीपशिखेसारखी एकेका राजापुढून जाते, ती गेली की तो राजा रस्त्यावरच्या वाड्यासारखा अंधारात पडतो. ही उपमा एका श्लोकात संपते आणि गोष्टीबरोबर चालते. ज्ञानेश्वरांचे दृष्टांत पटवण्यासाठी येतात. या सवयीने होमरकडे गेलं की तो रेंगाळल्यासारखा वाटतो.

सगळ्याच लांब उपमा अशा नसतात, हेही मान्य. दावं तोडून उधळलेल्या घोड्याची उपमा सहाव्या सर्गात हेक्टरचा भाऊ पॅरिस याला आहे आणि पंधराव्यात शब्दशः तीच हेक्टरला. पॅरिसला ती चपखल बसते, हेक्टरला मला तरी ढगळ वाटते. तिथे ओळी सोडल्यात तर मी भांडणार नाही. पण सोडण्याआधी उपमेवर बोट ठेवून तिच्या मागची आणि पुढची ओळ सलग वाचा. आत्यांसारखा एखादा "मग आधीच का नाही?" मनात आला, तर बोट काढा.

दादाला हे सगळं मी त्याच रात्री सांगितलं होतं. तो म्हणाला, "पण कार्यक्रम वेळेत संपला ना?" संपला, सात मिनिटं आधी. ती सात मिनिटं त्याने आभारप्रदर्शनाला वापरली.