खर्च कमी दिसला की आधी तासावारी आकडे बघ

भावा, सोलापुरी चादरीच्या अ‍ॅडचा खर्च रोज ५०० व्हायचा नि काल १८० वरच अडकला, तर लगेच बजेट वाढवू नको, आधी फेसबुकच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये ब्रेकडाउन तासावारी लाव. लोकांना अ‍ॅड बघून कंटाळा आला असेल तर इम्प्रेशन, म्हणजे अ‍ॅड किती वेळा दिसली तो आकडा, हळूहळू उतरतो, पण सकाळी ११ पर्यंत नेहमीसारखा आणि १२ पासून थेट शून्य, म्हणजे अ‍ॅड रिजेक्ट झालीय बहुतेक. हे प्रत्येक अ‍ॅडचं वेगळं बघ बरं का, कारण एक बंद पडली की तिचा पैसा दुसरी खाते आणि कॅम्पेनची बेरीज ठीकच दिसते. सगळ्याच कॅम्पेन एकाच तासाला थांबल्या तर बहुतेक अकाउंटवर रिस्ट्रिक्शन नाहीतर कार्डाचं पेमेंट अडकलंय, आधी पेमेंट तपास.