‘सांभाळणारा’चं काय करायचं?

प्रश्न : आमच्या स्टेशनरीच्या दुकानासाठी जाहिरात लिहिली आहे : ‘हिशेब सांभाळणारा, होतकरू व तडफदार तरुण पाहिजे. दुकानात दोन वर्षे काम केलेला असावा. टॅलीवर प्रभुत्व आणि ताण घेण्याची तयारी हवी.’ बायकांनीही अर्ज करावेत असं वाटतं. ‘तरुण’ऐवजी ‘तरुण/तरुणी’ केलं की झालं ना?

नाही, तेवढ्याने भागत नाही. मराठीत लिंग नामापेक्षा क्रियापदात जास्त मुरलेलं असतं. ‘तरुणी’ घातलंत तरी ‘सांभाळणारा’ आणि ‘केलेला असावा’ पुरुषाशीच बोलत राहतात. प्रत्येक ठिकाणी ‘णारा/णारी’ केलं तर जाहिरात वाचवत नाही. त्यापेक्षा वाक्याचा कर्ता माणूस न ठेवता काम ठेवा : ‘हिशेब सांभाळण्यासाठी’, ‘दोन वर्षांचा अनुभव असावा’. इथला ‘असावा’ बदलू नका. तो ‘अनुभव’ या शब्दाशी जुळतो, उमेदवाराशी नाही. शंका आली तर ‘असावी’ घालून बघा : ‘काम केलेली असावी’ म्हटलं की माणूस बदलतो, ‘अनुभव असावी’ हे मात्र मराठीच होत नाही.

‘होतकरू’ची गंमत वेगळी. त्याला लिंग नाही, पण वय आहे. पन्नाशीच्या माणसाला आपण होतकरू म्हणत नाही. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागू पाहणारी, जमाखर्च चोख ठेवणारी बाई हा शब्द वाचून पान उलटेल. ‘तरुण/तरुणी’नेही तेच होतं. ‘तडफदार’ सरळ काढा. तो सभेतल्या वक्त्याला शोभतो, खतावणीपुढे बसणाऱ्याला नीटनेटकेपणा लागतो.

‘प्रभुत्व’ हा फार मोठा शब्द आहे. प्रामाणिक माणूस तो वाचून ‘आपल्याला एवढं कुठे येतं’ म्हणून थांबतो आणि बढाईखोर अर्ज करतो. टॅलीत नक्की काय करायचं आहे ते सांगा. ‘ताण’चंही तसंच. दरमहा जीएसटी भरणाऱ्या दुकानात हा ताण तारखेला येतो : जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत, ३बी वीसपर्यंत. तारखा लिहिल्या की घरी मुलं-म्हातारी असलेल्या माणसालाही आपलं जमेल का, हे ठरवता येतं.

मी अशी लिहीन (आकडे तुमचे घाला) :

‘स्टेशनरीच्या दुकानात हिशेबनीस पाहिजे. वयाची अट नाही. स्त्री-पुरुष कोणीही अर्ज करावा. काम : टॅलीत रोजची ३०-४० बिलं चढवणं, बँकेचा मेळ घालणं, जीएसटीची माहिती तयार करून सी.ए.कडे देणं. अशा कामाचा दोन वर्षांचा अनुभव असावा. दुकानातलाच असण्याची गरज नाही. वेळ १० ते ६. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधी दोन-तीन दिवस तासभर जास्त. पगार १८ ते २२ हजार.’