कांद्याच्या रोजच्या भावाची व्होलॅटिलिटी ईडब्ल्यूएमएने अपडेट कशी करायची?

प्रश्न: नाशिकहून विचारतोय, लासलगावच्या कांद्याची कालची व्होलॅटिलिटी 2% होती, आज भाव 6% पडला, तर उद्याचा अंदाज किती धरू?

उत्तर: ईडब्ल्यूएमए म्हणजे जुन्या आकड्यांना हळूहळू कमी वजन देणारी सरासरी. कालच्या व्होलॅटिलिटीला 0.94 आणि आजच्या बदलाला उरलेलं 0.06 वेट देऊन साधारण 2.43% धरा, फक्त आधी दोन्ही आकड्यांचा वर्ग करायचा मग सरासरी आणि शेवटी वर्गमूळ:

`0.94×2² + 0.06×6² = 5.92, √5.92 ≈ 2.43`

त्याच वेटने थेट 2 आणि 6 ची सरासरी काढली तर 2.24 येतं आणि रिस्क कमी दिसते, बरेच जण इथेच चुकतात. भाव पडला की चढला याने फरक पडत नाही, वर्गात चिन्ह जातंच. 0.94 हा जेपी मॉर्गन बँकेच्या रिस्कमेट्रिक्स या रिस्क मोजायच्या पद्धतीचा रोजच्या डेटासाठीचा आकडा आहे, पण तो शेअर, करन्सी वगैरे बघून ठरवलेला, म्हणून कांद्यासाठी जुन्या भावांवर 0.90 ते 0.97 चालवून बघा, ज्याच्या अंदाजाचा वर्ग दुसऱ्या दिवशीच्या रिटर्नच्या, म्हणजे भावातल्या टक्के बदलाच्या, वर्गाला जास्त जवळ जातो तो घ्या.