शिडी चांगली, पण ही घेऊ नका

प्रश्न: निवृत्तीचे 50 लाख बाँडमध्ये ठेवायचे आहेत. पाच वर्षांचा एकच बाँड घेतला तर साडेसात टक्के मिळतात. एजंट म्हणतात, त्याऐवजी एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या पाच बाँडची शिडी घ्या, सगळ्यांवर साडेआठ टक्के. पाचही एकाच कंपनीचे आहेत आणि 100 चा बाँड 103 ला मिळतो. पहिल्या वर्षानंतर कंपनी हवं तेव्हा पैसे परत करू शकते, ते आपल्या सोयीचंच, असं ते म्हणाले. तिसऱ्या वर्षी घराच्या दुरुस्तीला 10 लाख लागतील. शिडी बरी की एकच बाँड?

उत्तर: शिडी बरी. पण तुम्हाला दाखवलेल्या शिडीसाठी एकही पैसा भरू नका.

आधी ते 103 बघा. एक वर्षाच्या बाँडला तुम्ही 103 देणार आणि वर्षाने 100 मुद्दल अधिक साडेआठ व्याज, म्हणजे 108.5 घेणार. कमाई झाली साडेपाच, तीही 103 वर, म्हणजे जेमतेम 5.3 टक्के. दोन वर्षांच्या बाँडवर सात टक्क्यांहून थोडं कमी पडतं, पाच वर्षांच्यावर पावणेआठच्या आसपास. साडेआठ कुठेच नाही. ते कूपन आहे, म्हणजे बाँडच्या 100 वर मिळणारं व्याज, तुमचा परतावा नव्हे, आणि कूपन सांगून बाँड विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

याहून मोठी चूक आहे ती मुदतपूर्व परतफेडीची. हा हक्क कंपनीचा आहे, तुमचा नाही. बाजारातले दर उतरले की कंपनीला स्वस्तात नवं कर्ज मिळतं आणि ती तुमचं महाग कर्ज फेडून टाकते. समजा, वर्षाने दर दोन टक्क्यांनी उतरले आणि पाच वर्षांच्या नव्या बाँडवर साडेपाचच मिळू लागले. पहिला बाँड तेव्हा पुरा होणारच, उरलेले चार कंपनी परत घेईल. 50 लाखांच्या बाँडना 103 च्या भावाने तुम्ही 51.5 लाख दिलेत, हातात आले 50 लाख, आणि वर्षाचं व्याज सव्वाचार लाखांवरून पावणेतीन लाखांवर. दर चढले तर मात्र कंपनी हा हक्क वापरणार नाही.

खऱ्या शिडीत असं होत नाही. मुदतपूर्व परतफेडीची अट नसलेले पाच बाँड दर्शनी किमतीला, म्हणजे 100 चा 100 लाच घेतलेत, एक वर्षाला साडेसहा आणि पाच वर्षांना साडेसात टक्के असे चढत्या दराने, तर सरासरी सात पडेल. म्हणजे वर्षाला साडेतीन लाख. एकाच बाँडचे पावणेचार लाख येतात, त्यापेक्षा 25 हजार कमी. हे 25 हजार कशासाठी सोडायचे? दर दोन टक्क्यांनी उतरले तर पहिल्या वर्षाअखेर फक्त 10 लाख नव्या दराने गुंतवावे लागतात आणि उत्पन्न 10 हजारांनीच घटतं. दर तेवढेच चढले तर तेच 10 लाख साडेनऊ टक्क्यांच्या नव्या पाच वर्षांच्या बाँडमध्ये जातात आणि 30 हजार वाढतात. दर खालीच राहिले तर शिडीही पाच वर्षांत खाली येते, हे लपवत नाही. पण ती पायरी पायरीने उतरते. एकाच बाँडचे सगळे 50 लाख पाचव्या वर्षी एकाच दिवशी हातात येतात, आणि त्या दिवशी जो दर असेल तो तुमच्या नशिबी.

आता तुमचे 10 लाख. एकच बाँड असेल तर तिसऱ्या वर्षी त्यातला पाचवा भाग विकावा लागेल. तेव्हा दोन वर्षांच्या बाँडवर पावणेनऊ टक्के मिळत असतील, तर तुमचा साडेसात टक्क्यांचा बाँड पूर्ण किमतीला कोणी घेणार नाही. वीसेक हजारांचा फटका बसेल. शिवाय छोट्या रकमेच्या बाँडला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो. शिडीत तिसरी पायरी आपोआप रोख होते, दर काहीही असो. दुरुस्तीच्या दोन-तीन महिने आधी मुदत संपेल असा बाँड त्या पायरीसाठी निवडा आणि ते पैसे पुन्हा गुंतवू नका.

राहिली एकच कंपनी. ती बुडाली तर पाचही पायऱ्या एकदम जातात. वेगवेगळ्या मुदतींनी त्यात काहीच वाचत नाही. पायऱ्या सरकारी बाँडच्या ठेवा, कंपन्यांचे घ्यायचेच तर प्रत्येक पायरीला वेगळी कंपनी. आणि एजंटकडून प्रत्येक बाँडची दर्शनी किंमत, तुम्ही देणार ती किंमत, परतफेडीचा हक्क कोणाकडे आणि कोणत्या तारखेपासून, आणि कंपनीने पहिल्याच संधीला पैसे परत केले तर परतावा किती, हे लेखी मागा. लेखी देत नसतील तर व्यवहार करू नका.