‘स्वॅप’ला मराठीत काय म्हणावं?

‘मी लंडनला असते. रात्री दहानंतर युरो-डॉलरचा सौदा उघडा राहिला, की ॲपमध्ये “स्वॅप” म्हणून पैसे कापतात, बुधवारी तर तिप्पट. स्वॅप म्हणजे अदलाबदल ना? मग अदलाबदल कशाची झाली? याला शुल्क म्हणू का?’

अदलाबदल होते ती तारखांची. युरो-डॉलरचा हजर सौदा दोन कामकाजी दिवसांनी पुरा व्हायचा असतो. तुम्हाला युरो खरोखर घ्यायचे नसतात, म्हणून न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच वाजले (तुमचे दहा) की ते आधीच्या तारखेला विकून पुढच्या तारखेला परत घेतले, असा हिशेब होतो. आपल्या खतावणीतलं ‘मागील पानावरून पुढे’ ते हेच. बुधवारी पान उलटलं की तारीख शुक्रवारवरून थेट सोमवारवर जाते, म्हणून तीन दिवसांचे पैसे.

विकण्याचा आणि परत घेण्याचा भाव एक नसतो, कारण दोन्ही चलनांचे व्याजदर वेगळे. समजा डॉलरला ४.५ टक्के, युरोला २ टक्के आणि भाव १.१० आहे. १ लाख युरो घेतले म्हणजे १ लाख १० हजार डॉलर उसने घेतल्यासारखे. वर्षाचे ३६० दिवस धरले, तर एका रात्रीचं डॉलरचं व्याज १३.७५ डॉलर, युरोवर मिळणारं साधारण ६.१०. तुमच्या खिशातून जायला हवेत ७.६५. उलट युरो विकलेल्याला तेवढेच मिळायला हवेत.

म्हणून ‘शुल्क’ मला पटत नाही. शुल्क कधी आपल्या खात्यात जमा होत नाही, स्वॅप होऊ शकतो. नुसतं ‘व्याज’ही अपुरं, कारण व्याजं दोन आहेत. मी ‘व्याजफरक’ म्हणेन, आणि सौदा ‘पुढे ओढला’ म्हणेन.

मुंबईच्या शेअरबाजारात याच्या अगदी जवळचा शब्द होता: बदला. तिथेही सौदा पुढे ओढायचे पैसे पडत, बहुधा घेणाऱ्याला. विकणाऱ्यावर आले की तो उंधा बदला. सेबीने जुलै २००१मध्ये ती पद्धत बंद केली. आज ‘बदला’ म्हटलं की सूड आठवतो, नाहीतर हाच शब्द मी आनंदाने सुचवला असता.

शुल्काचा अंश मात्र आत लपलेला असतो, आणि तो शोधता येतो. प्लॅटफॉर्मवर त्या जोडीच्या माहितीत घेणाऱ्यासाठी `Swap long` आणि विकणाऱ्यासाठी `Swap short` असे दोन आकडे दिसतील. एकाच एककात घेऊन त्यांची बेरीज करा. वरच्या उदाहरणात ते उणे ९.१० आणि अधिक ६.२० असतील, तर बेरीज उणे २.९० येते. निखळ व्याजफरक असता तर ती शून्याजवळ आली असती. म्हणजे तुमच्या ९.१०मधले ७.६५ व्याजफरकाचे, उरलेले १.४५ दलालाचे. शुल्क म्हणायचंच तर त्या १.४५ला म्हणा.